फोटोवरच्या तपकिरी ठिपक्यांना काय म्हणाल?

सायली: आजी-आजोबांचा जुना कृष्णधवल फोटो स्कॅन करून साफ करतेय. त्यावर तपकिरी ठिपके आहेत, चिकटपट्टीचा पिवळा पट्टा आहे आणि कोपऱ्यात यू-पिनचा गंज. ठिपक्यांना इंग्रजीत फॉक्सिंग म्हणतात. मराठीत शब्द आहे का?

मंदार: कोल्हेडाग! 😀 आम्ही तर सरळ बुरशी म्हणतो.

वसुधा: बुरशी अर्धंच खरं. कागदातल्या लोखंडाच्या कणांमुळेही तसे ठिपके पडतात. मी 'तांबेरा' म्हणेन, गव्हावर पडतो तो. पिनच्या खुणेला मात्र दोन शब्द हवेत. रंग तो गंज, आणि कागद दबून पडतो तो वळ. दोन्ही काढायची रीत निराळी.

मंदार: फोटो काळा-पांढराच आहे ना? मग ग्रेस्केलमध्ये स्कॅन केला की रंगीत डाग आपोआप जातील.

वसुधा: उलट, डाग करडा होऊन चित्रात कायमचा मिसळतो. स्कॅन रंगीतच करायचा. तांबूस-पिवळा डाग निळा प्रकाश शोषतो, लाल बराचसा परत पाठवतो. म्हणून लाल चॅनेल तेवढा वेगळा काढायचा. मी इमेजमॅजिक वापरते:

```
magick foto.tif -channel R -separate lal.tif
```

माझ्याकडच्या एका फोटोत पांढऱ्या धोतरावर ठिपका होता. निळ्या चॅनेलमध्ये धोतर 190 आणि ठिपका 110, म्हणजे भोकच. लालमध्ये 222 आणि 214. एवढा फरक हीलिंग ब्रशच्या एका टिचकीत गेला. फोटो सेपिया छटेचा असेल तर मात्र सांभाळ, लालमध्ये चेहरेच फिके पडतात. तेव्हा लाल चॅनेल मास्क लावून फक्त डागांपुरता घ्यायचा.

निर्मला: गंजाला लिंबू-मीठ लावून उन्हात ठेव गं. माझ्या साडीवरचा गेला होता.

सायली: मावशी, स्कॅनवरचे डाग काढतेय, मूळ फोटोला पाणीसुद्धा लावणार नाही! वसुधाताई, लाल चॅनेलमध्ये पट्ट्याचा पिवळेपणा गेला, पण दोन्ही कडांना सरळ रेघ राहिलीच.

वसुधा: ती रेघ म्हणजे पट्टीचा 'माग'. पट्टीखालचा भाग आणि बाहेरचा भाग वेगवेगळे फिके झालेत. तेवढा पट्टा निवडून कर्व्हने उजेड बाहेरच्याशी जुळव, मग ब्रश फक्त कडेवरून फिरव. आधी ब्रश घेतलास तर पोत पुसला जातो आणि तिथं मेण लावल्यासारखं दिसतं. वळासाठी फोटो 180 अंश फिरवून दुसरा स्कॅन घे, दोन्ही नीट जुळवून सरासरी काढ. स्कॅनरचा उजेड एका बाजूने येतो, त्यामुळे दोन स्कॅनमध्ये सावल्या उलट पडतात आणि एकमेकींना बऱ्याच खातात. खोल वळ तरीही थोडा उरतोच.

रावसाहेब: 'तांबेरा' मला पटत नाही. शेतातला तांबेरा बोटाला लागतो, भुकटी असते ती. हे ठिपके कागदात मुरलेले. 'मुरडाग' म्हणा.

मंदार: मुरडाग ऐकून मुरंबा आठवतो.

सायली: मी तूर्त नोंदवहीत 'तांबूस ठिपके' लिहितेय. 'माग' आणि 'वळ' मात्र घेतले.