मदत हवी आहे: आईच्या गोळीसाठी अलार्म लावू की कॅलेंडर?

ऐरोलीकर_मृणाल: आई ठाण्यात एकटी राहते. थायरॉइडची गोळी पहाटे 5:30 ला, उपाशीपोटी. मी तिच्या अँड्रॉइड फोनच्या कॅलेंडरमध्ये रोजची आठवण लावून दिली होती. महिनाभर छान चाललं. या आठवड्यात तीन दिवस गोळी चुकली. ती म्हणते, "वाजलंच नाही गं." पण उठल्यावर स्क्रीनवर सूचना दिसते! मग वाजली का नाही?

घणसोली_भाऊ: रात्री वायफाय बंद करत असतील. कॅलेंडरला नेट लागतं.

रिपेअरवाला_विटावा: भाऊ, अर्धं बरोबर. औषधाच्या दुकानाचं अ‍ॅप किंवा व्हॉट्सअ‍ॅप बाहेरून सूचना पाठवतं, त्याला नेट हवंच. कॅलेंडरची नोंद एकदा फोनमध्ये उतरली की वेळ फोनच बघतो.
मृणालताई, सूचना दिसते म्हणजे ती आली होती, फक्त आवाज दाबला गेला. "डू नॉट डिस्टर्ब" चालू केलंय का?

ऐरोलीकर_मृणाल: अय्या, हो! सोसायटीच्या ग्रुपवर रात्रभर टुंग टुंग, म्हणून मागच्या रविवारी मीच 11 ते 7 लावलं.

रिपेअरवाला_विटावा: सापडला चोर. कॅलेंडरचा इशारा दिसायला वेगळा असला तरी फोनच्या लेखी ती साधी सूचनाच. सूचनांच्या आवाजावर एकदा टिंग करते आणि गप्प. घड्याळातल्या अलार्मचा आवाज वेगळा असतो, "डू नॉट डिस्टर्ब"मध्ये त्याला सहसा मुभा असते, आणि बंद करेपर्यंत तो बराच वेळ वाजत राहतो. रोजच्या गोळीला तोच लावा.
दोन गोष्टी मात्र तपासा: सेटिंगमध्ये अलार्मची मुभा चालू आहे ना, आणि अलार्मच्या आवाजाची पट्टी वर आहे ना. रिंगचा आवाज वाढवून ही पट्टी वाढेलच असं नाही. मग पाच मिनिटं पुढचा अलार्म लावून, "डू नॉट डिस्टर्ब" चालू ठेवून, आईसमोर वाजवून बघा.

कळव्याची_मावशी: माझा अलार्म वाजतो, पण मी झोपेतच बंद करते आणि 6:12 ची लोकल जाते. त्याला काय उपाय?

घणसोली_भाऊ: फोन स्वयंपाकघरात ठेवा, मावशी 😄 मग कॅलेंडर काय कामाचं?

रिपेअरवाला_विटावा: तारखेच्या कामाला. तीन महिन्यांनी रक्ततपासणी असेल तर रोज वाजणारा अलार्म काय करणार? एक सूचना आदल्या संध्याकाळी, एक सकाळी दहाला, जाग असताना.
आणखी एक. रात्री अपडेट होऊन फोन आपोआप सुरू झाला, तर लॉक उघडेपर्यंत कॅलेंडर झोपलेलंच राहू शकतं. चांगलं घड्याळ अ‍ॅप लॉक न उघडताही वाजतं.

ऐरोलीकर_मृणाल: आणि आईने रात्री फोनच बंद केला तर? ती कधीकधी करते.

घणसोली_भाऊ: माझा जुना फोन बंद असतानाही वाजायचा.

रिपेअरवाला_विटावा: काही वाजतात, बरेच नाही. आईंचा कुठला मॉडेल आहे?

ऐरोलीकर_मृणाल: शनिवारी जाते तेव्हा बघून सांगते. तोवर अलार्म लावायला शेजारच्या काकूंना पाठवलंय.