मदत हवी आहे: जुन्या प्रिंटच्या स्कॅनवरची कडेची तारीख रंगवून झाकू की कडच छाटू?

पाऊलखूण
नमस्कार. एका चौकोनी जुन्या रंगीत प्रिंटचा स्कॅन माझ्याकडे आहे. चारही बाजूंनी पांढरी कड आहे आणि उजव्या कडेवर उभ्या अक्षरांत `AUG 65` छापलेलं आहे. चित्रावर तारखेचं एकही अक्षर नाही. स्कॅन ६०० डीपीआयचा, जेपीजी, २१८४ × २१७६ पिक्सेल. मूळ प्रिंट आता हाताशी नाही, त्यामुळे पुन्हा स्कॅन करता येणार नाही.

मला ही प्रत तारखेशिवाय हवी आहे. तारखेवर पांढरा रंग फिरवून पाहिला, पण तिथे डाग पडल्यासारखं दिसतं. छाटायचं ठरवलं तर चित्राचा दर्जा न घालवता कसं छाटायचं?

निळी शाई
लोखंडी पट्टी आणि धारदार कटर घ्या, चित्राच्या कडेला पट्टी घट्ट दाबून एका दमात कापा. कात्रीने कड वेडीवाकडी जाते.

पाऊलखूण
कागद कापायचा नाहीये, फक्त स्कॅनची फाइल. प्रिंट माझ्याजवळ नाहीच.

कागदकीडा
आणि जवळ असता तरी कापू नका. कडेवरची तारीख आणि कागदाची ठेवण यांवरूनच पुढे कुणीतरी त्या प्रिंटचा काळ ठरवणार असतं.

रंगवलेला भाग डागासारखा का दिसतो ते सांगतो. जुन्या प्रिंटची कड पांढरी वाटली तरी ती मळकट पिवळसर असते, आणि तो पिवळेपणाही सगळीकडे सारखा नसतो. तुम्ही सपाट रंग लावलात की तेवढाच तुकडा जास्त स्वच्छ दिसतो. शेजारचा भाग उचलून तारखेवर चिकटवलात तरी अक्षरांभोवती जेपीजीने तयार केलेली बारीक धूसर कुरकुर थोडी उरते. शिवाय जे कागदावर कधी नव्हतंच ते तुम्ही रचलेलं असतं. तारीख संपूर्ण कडेवर असेल तर कड छाटणं हाच प्रामाणिक मार्ग: काहीतरी कमी केलंत, नवं काही घातलं नाहीत.

छाटायला `jpegtran` वापरा. ते फाइल उलगडून पुन्हा दाबत नाही, नको ते ठोकळे फक्त काढून टाकतं, म्हणून उरलेलं चित्र जसंच्या तसं राहतं. पण आधी चित्राचे चारही कोपरे कुठे आहेत ते पिक्सेलमध्ये मोजून इथे द्या.

उभा आडवा
एवढं कशाला? कुठल्याही प्रोग्रॅममध्ये आधी फोटो सरळ करा, मग क्रॉप करा, ९५ दर्जाला सेव्ह करा. डोळ्यांना फरक कळत नाही. सरळ न करता छाटलंत तर एका बाजूला पांढरी पाचर राहील.

पाऊलखूण
मोजले. वरचा डावा (१५०, १३९), वरचा उजवा (२०३६, १४४), खालचा डावा (१४५, २०२५), खालचा उजवा (२०३१, २०३०). म्हणजे किंचित कललेला आहे.

मी ही आज्ञा देऊन पाहिली:

```
jpegtran -copy all -crop 1875x1876+150+144 -outfile chhatleli.jpg mul.jpg
```

तारीख गेली, पण डावीकडे वरपासून खालपर्यंत पिवळट पट्टी राहिली, वर जाड आणि खाली जेमतेम. आणि फाइलची रुंदी १८७५ ऐवजी १८८१ आली!

कागदकीडा
त्या जास्तीच्या ६ पिक्सेलमध्येच उत्तर आहे. तुमची फाइल १६ × १६ च्या ठोकळ्यांत साठवलेली दिसते, आणि डावी व वरची कड ठोकळ्याच्या सीमेवरच पडावी लागते. १५० ला १६ ने भाग जात नाही, म्हणून `jpegtran` मागे १४४ वर सरकलं. उजवी कड मात्र तुम्ही सांगितली तिथेच ठेवली, त्यामुळे रुंदी ६ ने वाढली. उजवीकडे आणि खाली हे बंधन नाही. तुमची तारीख उजवीकडे आहे हे नशीबच.

ठोकळा केवढा आहे याची खात्री अशी करा:

```
exiftool -YCbCrSubSampling mul.jpg
```

४:२:० आलं तर १६ च्या पटीत जा. ४:४:४ आलं तर ८ च्या पटीत भागतं.

आता कलाबद्दल. उभा आडवा यांचं म्हणणं मोठ्या कलाला लागू पडतं. इथे जवळपास १८८६ पिक्सेलमध्ये ५ पिक्सेलचा कल आहे, ६०० डीपीआयला ०.२ मिलिमीटर. तेवढ्यासाठी चित्र फिरवलं की प्रत्येक पिक्सेल नव्याने काढला जातो आणि सगळी फाइल पुन्हा दाबली जाते. त्यापेक्षा ५ पिक्सेल आत शिरा. कल १ अंश असता तर ३३ पिक्सेल गेले असते, तेव्हा मीही आधी सरळ केलं असतं.

सगळ्या कोपऱ्यांच्या आत बसणारा चौकोन म्हणजे आडवं १५० ते २०३१, उभं १४४ ते २०२५. डावीकडे १५० नंतरचा १६ चा पट १६०. वर १४४ हा पट आहे, पण तिथे उजव्या कोपऱ्यात अगदी कडेवर कापलं जातं. प्रिंटवर चित्र आणि कड यांची सीमा रेघेसारखी नसते, ३-४ पिक्सेल धूसर असते, म्हणून वरही १६० घ्या. उजवीकडे २०२५ आणि खाली २०२० वर थांबा:

```
jpegtran -copy all -crop 1865x1860+160+160 -outfile chhatleli.jpg mul.jpg
```

सर्वांत जास्त नुकसान वरच्या कडेला, साधारण २१ पिक्सेल, म्हणजे १ मिलिमीटरच्या आत.

उभा आडवा
ठीक, इतक्या कमी कलाला फिरवणं नको हे पटलं. पण १ मिलिमीटर चित्र तरी का गमवायचं? ९५ दर्जाला एकदाच सेव्ह केलं तर वर १५ पिक्सेल वाचतात.

कागदकीडा
वरच्या कडेला कुणाचं डोकं टेकलेलं असेल तर तुमचं बरोबर, तिथे मी पुन्हा दाबणं पत्करेन. रिकामं आकाश असेल तर नाही.

पाऊलखूण
४:२:० च आहे. नवी आज्ञा चालली, चारही कडा स्वच्छ, आकार बरोबर १८६५ × १८६०. वर फक्त झाडाचा शेंडा आहे, त्यामुळे काही बिघडलं नाही. एकच गोष्ट विचित्र: फोल्डरमध्ये छोट्या चित्रात अजून तारीख दिसते, उघडलं की नाही.

कागदकीडा
`-copy all` ने एक्झिफमधलं जुनं लघुचित्रही जसंच्या तसं आणलं. ते आधीच्या पूर्ण स्कॅनचं आहे. काढून टाका:

```
exiftool -ThumbnailImage= chhatleli.jpg
```

तरीही दिसलं तर फोल्डरने स्वतः साठवलेली जुनी प्रत आहे, फाइलचं नाव बदलून पाहा. आणि मूळ स्कॅन जपून ठेवा. छाटलेल्या प्रतीच्या वर्णनात कडेवर काय छापलं होतं ते जसंच्या तसं लिहा, ‘ऑगस्ट १९६५ मध्ये काढलेला फोटो’ असं लिहू नका. कडेवरचा महिना बहुधा प्रिंट तयार झाल्याचा असतो. रोल त्याआधी कित्येक महिने कॅमेऱ्यात पडून असू शकतो.

दुर्बीण
माझ्याकडे नारिंगी आकड्यांची तारीख आहे, खालच्या उजव्या कोपऱ्यात. स्कॅन १८०० × १२००. हीच पद्धत चालेल का?

कागदकीडा
तुमचे आकडे कॅमेऱ्याने फिल्मवरच उमटवलेले आहेत, म्हणजे ते चित्राच्या आत आहेत. छाटायचं तर आकड्यांच्या वरपर्यंत पूर्ण पट्टी जाईल. आकडे खालून ११० पिक्सेलपर्यंत असतील तर उंची १०९० उरेल. त्या पट्टीत फक्त जमीन असेल तर छाटा, पाय कापले जात असतील तर नको.

निळी शाई
मग दुर्बीण यांनी रंगवावंच ना? तिथे गवत असेल तर शेजारचं गवत उचलून सहज बसतं.

कागदकीडा
बसतं, पण मग ती रंगवलेली प्रत आहे असं वर्णनात लिहावं लागेल. मी तारीख तशीच ठेवली असती. दुर्बीण, आकड्यांच्या मागे नेमकं काय आहे?