अठरास एक म्हणे! मग जाहिरात दुप्पट करायची का?

मूळ पोस्ट, डाळमालक (लातूर): पाच किलो तूरडाळीचा डबा 900 ला, पुण्या-मुंबईला कुरिअरनं. गिऱ्हाईक दोन वर्षांत सहा डबे घेतं, म्हणजे 5400. ते आणायला जाहिरातीचे 300. अठरास एक! तीनास एक असलं तरी पुरे म्हणतात. मग जाहिरातीच्या महिन्याच्या 60 हजारांचे 1 लाख 20 हजार का करू नयेत? भित्र्यांनी धंद्यात पडू नये.

हिशेबनीस: मालक, 5400 हा गल्ला झाला. डाळ, डबा, पॅकिंग 610, कुरिअर 110, पेमेंटचं शुल्क आणि फूटतूट 30. एका डब्यामागे हातात उरले 150, सहा डब्यांचे 900. म्हणजे आत्ताच तुम्ही जेमतेम तीनास एकवर आहात.

आता बजेट दुप्पट करा. 60 हजारांत 200 नवी गिऱ्हाईकं येत होती. दुप्पट पैशात 400 येत नाहीत, कारण डाळ घ्यायचीच होती ती माणसं जाहिरातीनं आधीच गाठलेली असतात. समजा 300 आली. सरासरी 400 पडली, सव्वादोनास एक, बरं दिसतं. पण वरच्या 60 हजारांनी फक्त 100 आणली, म्हणजे प्रत्येकी 600. ही माणसं सवलत बघून आलेली, सहाऐवजी तीन डबे घेऊन थांबली तर 450 च देतात. माणशी 150 चा खड्डा. एकूण सरासरी तरीही पावणेदोनाच्या वर दिसते, म्हणून कळत नाही. कसोटी लावायची तर वाढवलेल्या पैशाला लावा, सरासरीला नाही.

नांदेडचा आनंद: एवढं कशाला? महिन्याला किती टक्के गिऱ्हाईक गळतं ते काढा आणि एकाला त्यानं भागा. 5 टक्के गळती म्हणजे 20 महिने. झालं आयुष्य.

हिशेबनीस: महिन्याची वर्गणी असेल तर ठीक. इथं माणूस चार महिन्यांनी डबा घेतो, तिसऱ्या महिन्यात तो गळाला की डाळ शिल्लक आहे, कसं कळणार? त्यापेक्षा जानेवारीत आलेल्यांची वेगळी यादी धरा आणि सहा महिन्यांत त्यातल्या किती जणांनी दुसरा डबा मागवला ते मोजा.

क्लासवाला: आमच्याकडं अकरावी-बारावी दोनच वर्षं, मग पोरगं जातंच. आम्ही जाहिरात बंदच करावी का?

हिशेबनीस: तुमचा प्रश्न वेगळा आहे, सर. फी आधी हातात येते तुमच्या, म्हणजे खर्च वसूल व्हायला थांबावं लागत नाही.

कुरिअर_जालना: कॅश ऑन डिलिव्हरीवर कुणी बोलेना! 100 पार्सलं गेली, 25 परत आली. जायचे 110, यायचे 90, पाच हजार बुडाले. उरलेल्या 75 वर वाटले तर माणशी 67. पहिल्या डब्याचे 150 त्यातच अर्धे. वर जाहिरातीचा डॅशबोर्ड 100 परचेस दाखवतो, म्हणून 30 हजारांत 300 पडले असं वाटतं. खरे 400 पडले.

आनंद: मग बंद करा ना कॅश!

कुरिअर_जालना: बंद केली की अर्ध्या ऑर्डरी गायब. फोन करून पत्ता पक्का करा, आगाऊ पैसे देणाऱ्याला 30 सूट द्या.

डाळमालक: फोन करायला माणूस ठेवायचा, त्याचा पगार तुम्ही देणार का? फुकटचे सल्ले द्यायलात सगळे.

कुरिअर_जालना: पगारही गिऱ्हाईक आणायच्या खर्चातच धरायचा, मालक. आणि तुमच्या जाहिरात एजन्सीचं कमिशन खर्चावर टक्केवारीनं असेल, तर दुप्पट करा म्हणून कोण सांगतंय ते उघडच आहे.

डाळमालक: एजन्सीला मधे आणू नका. तीनाचा आकडा जगभर चालतो.

हिशेबनीस: तो गुंतवणूकदार डेव्हिड स्कोक यांनी सॉफ्टवेअरच्या वर्गणीसाठी रूढ केला, जिथं शंभरातले सत्तर-ऐंशी हातात उरतात. सोबत बारा महिन्यांत खर्च वसूल व्हावा ही अट होती, ती सगळे सोयीनं विसरतात. तुमचं बघा. 300 वसूल व्हायला दोन डबे, म्हणजे चार महिने. 600 ला चार डबे, म्हणजे वर्ष. नवी तूर आडतीला येते तेव्हा रोख पाहिजे, आणि ती जाहिरातीत अडकलेली. बँकेच्या सीसी कर्जाचं व्याज चालूच.

डाळमालक: बरं, शहाण्यांनो. 75 हजार करतो. पुढं?

हिशेबनीस: दिवाळीचा महिना सोडून दोन महिने ठेवा. मोबाईल नंबरावरून जुनं गिऱ्हाईक वगळा, परत आलेली पार्सलं वजा करा, मग वरच्या 15 हजारांनी महिन्याला किती आली ते पाहा. चाळीस आली तर 375 पडले, चालेल. पंचवीस आली तर 600, तिथंच थांबा. आकडा एवढा लहान की एका महिन्यावरून काही ठरवू नका.

डाळमालक: आणि जाहिरातीतून आलेल्या बाईनं शेजारणीला सांगितलं, ती शेजारीण कुणाच्या खात्यात?

आनंद: जाहिरातीच्याच!

हिशेबनीस: ती जाहिरात न बघताही आली असती, तर? ऑर्डर घेताना ‘कुणी सांगितलं’ हे विचारायला लागा, तोवर अर्धीही धरू नका.

कुरिअर_जालना: शेजारीण पण कॅशवरच घेणार, लिहून घ्या.