'कालच सांगितलंय' चालतं, मग 'हॅव टोल्ड यस्टरडे' का नाही?

सिडकोची आई: मुलगी सातवीत आहे, तिने पेपरात लिहिलं 'आय हॅव टोल्ड हिम यस्टरडे' आणि बाईंनी लाल फुली मारली. पण आपण घरी म्हणतोच ना, 'मी त्याला कालच सांगितलंय', मग चुकलं काय?

पंचवटीकर: सोप्पंय ताई. 'सांगितलं' म्हणजे टोल्ड, 'सांगितलंय' म्हणजे हॅव टोल्ड. 'आहे' आलं की हॅव, विषय संपला.

खडूवाले सर: तिथेच तर पोरं फसतात हो. आपल्या 'आहे'ला 'काल' चालतो, इंग्रजी हॅवला चालत नाही. मी वर्गात फरशीवर लांब रेघ मारतो, उजव्या टोकाला 'आत्ता' लिहितो आणि पोरांना चिठ्ठ्या देतो. 'यस्टरडे', 'लास्ट मंडे', 'इन 2015' या चिठ्ठ्या रेघेवर मागे कुठेतरी पडतात, आत्ताला शिवत नाहीत, तिथे साधा भूतकाळ. म्हणून 2015 चा कुंभमेळा बघितला असेल तर 'आय सॉ द कुंभमेळा इन 2015'. 'धिस वीक', 'सो फार' यांची पट्टी मागून निघून थेट आत्तापर्यंत येते, तिथे हॅव. आणि वेळ सांगितलीच नाही, नुसतं 'बघितलाय कधीतरी' असेल तरी हॅवच.
खरी मजा 'धिस मॉर्निंग'ची. सकाळी दहाला 'आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग' बरोबर, पण दुपारी चारला तीच चिठ्ठी आत्तापासून सुटलेली असते, मग 'आय हॅड'. चिठ्ठी तीच, घड्याळ बदललं.

गंगापूररोडकर: आमचा मुलगा 'आय हॅव सॉ' लिहितो, त्याला पण ही रेघ चालेल का?

खडूवाले सर: नाही, त्याचं दुखणं वेगळं, त्याला तिसरं रूप पाठ नाही. सॉ नाही, सीन. रेघ मारून ते येणार नाही.

पंचवटीकर: बरं सर मान्य, पण अमेरिकन सिरियलमध्ये 'आय ऑलरेडी एट' म्हणतात की सर्रास.

खडूवाले सर: म्हणतात, आणि त्यांच्याकडे ते चूक नाही. आपल्याकडे परीक्षेत ऑलरेडी, यट दिसलं की हॅव लिहावं, मार्क जात नाहीत. मी स्वतः 'ऑलरेडी एट'ला अर्धा मार्क देतो, शेजारच्या वर्गातल्या मॅडम शून्य देतात, आमचं यावर अजून जमलेलं नाही. त्यापेक्षा 'कधी आलायस?'चं 'व्हेन हॅव यू कम?' करतात ते बघा. व्हेन म्हणजे रेघेवरची नेमकी जागाच विचारली, मग 'व्हेन डिड यू कम?'च.

सिडकोची आई: काल स्वयंपाकघरात रेघ मारली. यस्टरडे, धिस वीक पटापट ठेवले तिने, मग 'जस्ट नाऊ'ची चिठ्ठी घेऊन बसली, म्हणते यात नाऊ आहे म्हणजे टोकालाच ना?

खडूवाले सर: हुशार आहे. 'जस्ट' एकटं असेल तर हॅव. पण 'जस्ट नाऊ' म्हणजे मघाशी, आत्ताच्या बोटभर मागे, 'आय सॉ हिम जस्ट नाऊ'. आपल्याकडे मात्र निम्मे लोक 'हॅव जस्ट नाऊ' म्हणतात, मीही फोनवर म्हणतो.