मदत हवी आहे: स्कूटरचं एस्टिमेट 15,300, क्लेम केला तर खिशातून किती जातील?

घोडबंदर_ते_ठाणे
मंडळी, गेल्या गुरुवारी रात्री पावसात मानपाड्याजवळ खड्डा चुकवायला गेलो आणि स्कूटर उजव्या अंगावर घसरत गेली. मी ठीक आहे, गुडघा खरचटला बस. स्कूटर 3 वर्षं 2 महिन्यांची. सर्विस सेंटरने 15,300 चं एस्टिमेट दिलंय, त्यात पुढचे-बाजूचे पॅनल आणि हेडलाइट मिळून 7,200, फोर्क नि हँडल वगैरे लोखंडी सामान 4,400, लेबर 1,800, आणि उरलेल्या 1,900 मध्ये फोर्क ऑइल, नटबोल्ट, मागचे ब्रेक शू आणि मी नंतर बाहेरून लावलेला क्रॅश गार्ड. पॉलिसी चालू आहे, झिरो डेप घेतलेलं नाही. काउंटरवरचा माणूस म्हणतो "शंभर रुपये भरा, बाकी कंपनी देईल". मला हे जरा जास्तच गोड वाटतंय. सर्व्हेअर सोमवारी येणार आहे.

कळव्याचा_बंड्या
समोरच्याची चूक असेल तर थर्ड पार्टीवर टाका ना, आधी पोलिसात नोंद करा.

घोडबंदर_ते_ठाणे
अहो समोर कोणी नव्हतंच, खड्डा होता :)

ऐरोली_बायकर
100 रुपये खरं आहे, टू-व्हीलरला कम्पल्सरी तेवढंच कापतात. त्याच्यावर घसारा. तुमची गाडी 3 वर्षांची म्हणजे 15 टक्के, आणि हेडलाइट काच आहे, काचेला घसारा नसतो. साधारण दोन-अडीच हजार जातील बघा.

सानपाडा_मावशी
बायकरभाऊ, काचेला घसारा नाही हे बरोबर, पण आजकालच्या स्कूटरच्या हेडलाइटला काच असते कुठे? टिचकी मारून बघा, प्लास्टिक आहे. सर्व्हेअर तो प्लास्टिकमध्येच धरतो. आणि 15 टक्के हे 2 ते 3 वर्षांच्या गाडीला, 3 वर्षं ओलांडली की चौथं वर्ष संपेपर्यंत धातूच्या पार्टला 25. मी सोळा वर्षं मोटर क्लेमचे कागद बघितलेत, लोक इथेच चुकतात, एकच टक्केवारी घेऊन पूर्ण बिलाला लावतात. तसं नाही, एस्टिमेटची एकेक ओळ वेगळी काढायची. प्लास्टिक-रबराला गाडी कितीही नवी असो, 50 टक्के. म्हणजे 7,200 मधले 3,600 तुमचे. लोखंडाच्या 4,400 वर 25 टक्के, म्हणजे 1,100. लेबरला घसारा नाही, ते कंपनी देते. ऑइल नि नटबोल्ट कन्झ्युमेबल, अ‍ॅड-ऑन नसेल तर तुमचेच. ब्रेक शू घासून संपले असतील तर ती झीज झाली, अ‍ॅक्सिडेंट नव्हे. क्रॅश गार्ड पॉलिसीत दाखवला नसेल तर तोही गेला. म्हणजे ते 1,900 पूर्ण तुमचे. झाले 6,600, वर ते 100. आता पॉलिसीच्या कागदावर व्हॉलंटरी डिडक्टिबल आहे का ते बघा.

घोडबंदर_ते_ठाणे
अरे देवा, आहे. 1,000. ऑनलाइन घेताना प्रीमियम कमी दिसत होता म्हणून टिक केलं असणार, आठवतही नाही.

सानपाडा_मावशी
मग 7,700 तुमचे नि 7,600 कंपनीचे. निम्मं-निम्मं. झिरो डेप असतं तर घसाऱ्याचे 4,700 वाचले असते, हे तीन हजार तेव्हाही भरावेच लागले असते.

नेरूळ_वेस्ट
माझ्या मेव्हण्याने घाईत सर्व्हेअर यायच्या आधीच पॅनल बदलून घेतले आणि जुने भंगारात गेले, कंपनीने विचारलं तुटलेलं दाखवा, दाखवणार काय! त्या पॅनलचा एक रुपया मिळाला नाही. सोमवारपर्यंत गाडी खोलू देऊ नका.

ऐरोली_बायकर
25 टक्के मान्य, मी जुन्या कागदावर बघत होतो. पण क्लेम केला तर नो क्लेम बोनस जाईल, त्यापेक्षा बाहेर रिपेअर स्वस्त नाही का?

सानपाडा_मावशी
बोनस फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर असतो, थर्ड पार्टीवर नाही. तीन वर्षं क्लेम नाही म्हणजे आत्ता 35 टक्के चालू असणार, क्लेम केला की पुढच्या वेळी शून्य. कागदावरचा ओन डॅमेजचा आकडा बघा, स्कूटरला तो शेकड्यांत असतो, 7,600 समोर फार नाही. क्लेम दोन हजारांचा असता तर मीच नको म्हटलं असतं. हँडलवर मात्र लक्ष ठेवा. सर्व्हेअर "बदलायची गरज नाही, सरळ करा" म्हणाला आणि सेंटरवाल्याने तरी नवीन लावलं तर तो फरक तुमच्या बिलात येतो.

घोडबंदर_ते_ठाणे
हँडल किंचित वाकलंय, सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे ओढते, पण ते हँडलमुळे की फोर्कमुळे हे सेंटरवालाही सांगत नाहीये. सोमवारी तिथे उभा राहून विचारतो आणि इथे लिहितो.

कळव्याचा_बंड्या
खड्ड्याचे पैसे पालिकेकडून मिळतात का हो?