आधी सगळ्यात जुने रिव्ह्यू उघडा

> ब्रँडचं नाव कधी ऐकलेलं नाही, पण ४.५ स्टार आणि दोन हजार रिव्ह्यू आहेत. घ्यावा का?

सरासरी बाजूला ठेवा आणि रिव्ह्यू तारखेनुसार लावून थेट सगळ्यात जुन्यांपर्यंत जा. मी एकदा अशाच अनोळखी ब्रँडचे इअरफोन बघत होतो. वरचे रिव्ह्यू छान होते, पण तळाशी गेलो तर लोक लिहीत होते, "कव्हर फोनला घट्ट बसतं", "रंग फोटोसारखाच आहे". म्हणजे मोबाइल कव्हरचं जुनं पान विक्रेत्याने नाव आणि फोटो बदलून इअरफोनला वापरलं होतं. स्टार कव्हरचे, माल भलताच! हा प्रकार फार चालतो आणि भाड्याच्या रिव्ह्यूंपेक्षा फसवा असतो, कारण ते रिव्ह्यू खऱ्या माणसांचे असतात, 'खरेदी केली आहे' अशी खूणही त्यांवर असते. ग्राहकांनी टाकलेले फोटोही बघा, त्यांत दुसरीच वस्तू दिसली तर विषय संपला.

जुने रिव्ह्यू त्याच वस्तूचे निघाले, तर तारखा बघा. महिनोन्महिने शांतता आणि मग दोन-तीन दिवसांत पाच स्टारांचा ढीग, तोही "मस्त प्रॉडक्ट" एवढाच, असं असेल तर मला तरी शंका येते. सेल किंवा जाहिरातीमुळेही गर्दी होते, पण तेव्हा तक्रारीही सोबत येतात.