अनुभव धागा: शाळा सुरू होतानाची दुकानाची मोहीम, आईबाबांसाठीही आणि मुलांसाठीही

गोव्यात वह्या-पुस्तकांचे दुकान चालवणाऱ्यांनी इथे लिहावे. पैसे पालक देतात, पण हट्ट मुले करतात. एकाच मोहिमेत दोघांशी कसे बोलता? नेमके लिहा.

वहीवाला, म्हापसा
आधी तारखा पक्क्या करा, फलक नंतर. 2025 पासून सहावी आणि त्यापुढचे बहुतेक वर्ग एप्रिलमध्येच भरू लागले आणि लहान मुलांची शाळा मात्र जूनमध्येच राहिली. त्यामुळे मे अखेरीस एकच फलक लावला की मोठ्या मुलांची खरेदी निघून गेलेली असते. मोहीम दोन टप्प्यांत करा: मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून मोठ्यांची, मेच्या मध्यापासून लहानांची.

पालकांना हवी असते यादी आणि एकूण रक्कम. पाचवीचे उदाहरण घ्या. 45 रुपयांच्या दहा वह्यांचे 450, ब्राउन पेपरचा रोल 60, लेबले 20, पेन्सिली-खोडरबर 60, कंपास 110. बेरीज 700. फलकावर हाच आकडा मोठा लिहा, आणि खाली कोणती वस्तू किती, तेही. मुलाला निवड द्यायची ती या 700 च्या आतच: लेबलांचे सहा प्रकार आणि कंपासचे तीन रंग, सगळे एकाच किमतीचे. मुलाने काहीही उचलले तरी बिल हलत नाही, म्हणून गल्ल्यापाशी रडारड होत नाही. लेबले साडेतीन फुटांवर टांगा, दुसरीतल्या मुलाची नजर साधारण तिथेच जाते. यादी मोठ्यांच्या नजरेला, पाच फुटांवर.

आबोली, फोंडा
पटले. पण लेबलांवर टीव्हीवरची प्रसिद्ध कार्टून्स स्वतः छापू नका, त्यांचे हक्क दुसऱ्यांकडे असतात. मासा, होडी, फणस, मोर अशी चित्रे एखाद्या चित्रकाराकडून काढून घेतली तर मुले तितक्याच आवडीने निवडतात. आणि 'आईला सांग, हेच घे' अशा ओळी जाहिरातीत नकोत. मुलांना थेट खरेदीला किंवा आईवडिलांना गळ घालायला लावणारी जाहिरात 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये चालत नाही. त्याऐवजी मुलाला काम द्या: 'तुझ्या वहीवर कोणतं चित्र?'

सत्तरीकर
आता जीएसटी गेला, तेव्हा 'सगळे स्वस्त' हीच ओळ पुरे. व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकायची, संपले.

वहीवाला, म्हापसा
अर्धे बरोबर. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, रंगखडू यांवर कर नाही. कंपासवर 5 टक्के आहे आणि पेनवर 18 तसाच. 'सगळे' लिहिले की पेनच्या बिलावर पालक बोट ठेवतील, आणि त्यांचे बरोबरच असेल. ज्या वस्तूंवर कर नाही त्यांची नावे लिहा. स्टेटस चोवीस तासांत जाते आणि नंबर सेव्ह असलेल्यांनाच दिसते. इयत्तेनुसार यादीचा फोटो पाठवला तर तो पालकांच्या गटात फिरतो.

दोन मुलांची आई, पर्वरी
मी दुकानदार नाही, चुकीच्या जागी लिहीत असेन. थोरली आठवीत, धाकटा तिसरीत. एकीचे एप्रिलला, दुसऱ्याचे जूनला, म्हणजे दोनदा फेरी. एप्रिलला पैसे भरून धाकट्याचे जूनला मिळेल का? आणि रेनकोटवर नाव घालून मिळते का?

आबोली, फोंडा
ताई, जागा चुकलेली नाही, हे मोहिमेतच हवे. एप्रिलच्या पावतीवर 'धाकट्याचा संच, जून' असा शिक्का मारावा. पैसे मात्र आधी घेऊ नयेत, कारण यादी बदलते. वर्ग भरल्यावर बाई 'एकेरी नको, दुरेघी आणा' म्हणतात. म्हणून संच सीलबंद द्या आणि नाव न लिहिलेली वही दहा दिवसांत बदलून मिळेल, हे फलकावरच लिहा. ही ओळ नसली की परत आलेल्या वह्यांवरून भांडण. नावाचे: रेनकोटवर कायम शाई कॉलरच्या आतल्या कापडी पट्टीवर टिकते, बाहेरच्या प्लास्टिकवर पुसते.

कव्हरवाला, मडगाव
कव्हर घालून देण्याबद्दल: एका वहीला चार मिनिटे धरा, दहा वह्यांना चाळीस. एक माणूस आठ तासांत बारा संच करतो, त्याहून जास्त नाही. म्हणून 'मोफत कव्हर' 20 मेपर्यंतच्या नोंदीलाच द्यावे. पाऊस लागल्यावर ब्राउन पेपर दमट होऊन कडेला सुटतो, तेव्हा वर प्लास्टिक हवेच, त्याची किंमत आधी सांगा.

सत्तरीकर
मोफत कव्हर बरे, की वीस रुपये सूट? गावाकडचे पालक सूटच मागतात.

कव्हरवाला, मडगाव
दोन्ही पालक नोकरीला असतील तर कव्हर. वाळपईच्या बाजूला काय चालते, मला सांगता येणार नाही. दोन्ही पर्याय ठेवा आणि कोणी काय निवडले ते पावतीच्या मागे लिहून ठेवा, पुढच्या मार्चला कामी येईल.